पाडसाला कुणी बांधलं नव्हतं: ‘अशुभाची समस्या’ या विषयावर निबंध कसा लिहावा

खानापूर तालुक्यातल्या एका मुलानं मागच्या वर्षी मला निबंध दाखवायला आणला. विषय होता, ‘जगात एवढं दुःख असताना दयाळू आणि सर्वशक्तिमान देव आहे असं मानता येईल का?’ सुरुवात झकास होती. ऑगस्ट २०१९ चा पूर, मलप्रभेचं पाणी रात्रीत गोठ्यात शिरलेलं, माणसं जीव घेऊन माळावर गेलेली आणि दावणीला बांधलेलं वासरू तिथंच राहिलेलं. ‘देवानं त्याला का वाचवलं नाही?’ असा शेवटी प्रश्न.

मी त्याला एवढंच विचारलं, “वासरू बांधलं कुणी होतं?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आमीच की ओ सर.”

निबंध तिथंच ढासळला. देवाची बाजू मांडणारा आता आरामात म्हणेल की दावं माणसानं बांधलं, घाईत सोडायला माणूस विसरला, नदीकाठी गोठा माणसानंच घातला. यात देवाला कशाला ओढता? वासराचं दुःख खोटं नव्हतं. पण जे सिद्ध करायला ते उदाहरण उभं केलं होतं, त्याला ते पुरत नव्हतं. अकरावी-बारावीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पीयूसीच्या मुलांना हा विषय पहिल्यांदा भेटतो तेव्हा बहुतेकांची गाडी इथंच रुतते. म्हणून तत्त्वज्ञांची यादी देण्याऐवजी एकच उदाहरण हातात धरून निबंध कसा बांधायचा ते सांगतो.

पायरी १: शब्द आधी साफ करा

इंग्रजीत ज्याला ‘ईव्हिल’ म्हणतात त्याला मराठी तत्त्वज्ञानात बहुधा ‘अशुभ’ म्हणतात. घरात अशुभ म्हणजे मांजर आडवं जाणं. तसा अर्थ परीक्षकाच्या डोक्यात येऊ नये म्हणून पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य टाका: इथं अशुभ म्हणजे जे घडायला नको होतं असं दुःख, वेदना आणि दुष्टपणा. त्याचे दोन भाग पडतात. माणसाच्या हातून घडतं ते नैतिक अशुभ, उदाहरणार्थ खून, फसवणूक, छळ. माणसाचा हात नसताना घडतं ते नैसर्गिक अशुभ, जसं भूकंप, रोगराई. वरच्या मुलाचं वासरू या दोन्हींच्या मधल्या कुंपणावर बसलं होतं, म्हणून ते निसटलं.

‘देव’ हा शब्दही साफ करावा लागतो. ही समस्या कुठल्याही देवाबद्दल नाही. खंडोबा रागावतो, यल्लम्मा कोपते असं मानणाऱ्याला ती तितकी टोचत नाही, कारण रागावणाऱ्या देवाच्या जगात दुःख असणं नवलाचं नाही. ती टोचते ती एकाच वेळी तीन गोष्टी मानणाऱ्याला. देव सर्वशक्तिमान आहे, तो सर्वज्ञ आहे आणि तो पूर्णपणे चांगला आहे. यातली एक गोष्ट सोडली की समस्या सुटते, पण मग तुम्ही दुसऱ्याच देवाबद्दल बोलत असता. हे भान निबंधभर सुटू देऊ नका.

पायरी २: आरोप कोणता ते ठरवा

प्रश्न जुना आहे. एपिक्युरस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावर तो सांगितला जातो: देवाला अशुभ थांबवायचं आहे पण जमत नाही, तर तो दुबळा; जमतं पण करायचं नाही, तर तो दुष्ट; दोन्ही असेल तर अशुभ आलं कुठून? डेव्हिड ह्यूम यांनी त्यांच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापल्या गेलेल्या संवादांत हाच प्रश्न एका पात्राच्या तोंडी घातला. निबंधात याला दोन वाक्यं पुरे. मुलं इथंच पानभर रमतात आणि मग पुढचं आटोपतं घेतात.

खरा फाटा विसाव्या शतकात फुटला. या एका प्रश्नात दोन वेगळे आरोप दडले आहेत हे तेव्हा स्पष्ट झालं.

पहिला आरोप जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञांनी १९५५ मध्ये मांडला. त्यांचं म्हणणं असं की ‘असा देव आहे’ आणि ‘अशुभ आहे’ ही दोन विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत. अमावास्येच्या रात्री पौर्णिमेचा चंद्र दिसला असं म्हणण्यासारखं ते आहे. पुरावे गोळा करायला नकोत, नुसते शब्द नीट लावले की विसंगती दिसते. याला तार्किक आरोप म्हणतात.

दुसरा आरोप विल्यम रो या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९७९ मध्ये मांडला. ते म्हणतात, दोन्ही एकत्र असणं अशक्य नसेलही. पण जगात जे दुःख आपण बघतो ते पाहता असा देव नसावा असं मानणंच जास्त सयुक्तिक आहे. हा पुराव्याचा आरोप. १९७९ च्या त्या लेखातच रो स्वतःला ‘मैत्रीपूर्ण नास्तिक’ म्हणवतात, म्हणजे स्वतः नास्तिक, पण एखाद्याचं देवावर विश्वास ठेवणंही वाजवी असू शकतं असं मानणारा. विषय भांडणाचा नाही हे दाखवायला हा तपशील निबंधात छान बसतो.

हा फरक इतका महत्त्वाचा का, ते मॅकींना मिळालेल्या उत्तरावरून कळतं. ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये स्वातंत्र्याचा बचाव मांडला. माणूस खरोखर स्वतंत्र असेल तर तो काय निवडेल हे देव ठरवून देऊ शकत नाही. ठरवून दिलं तर ते स्वातंत्र्य उरत नाही. मॅकींनी याला आधीच हरकत घेऊन ठेवली होती: माणूस काही वेळा आपखुशीनं चांगलं निवडतो, मग देवानं नेहमीच आपखुशीनं चांगलं निवडणारी माणसं का घडवली नाहीत? प्लँटिंगांचं उत्तर असं की कोणताही स्वतंत्र माणूस घडवला तरी कुठल्या ना कुठल्या प्रसंगी तो घसरणारच होता, असं असू शकतं. तसं असेल तर स्वातंत्र्य आहे पण अशुभ मुळीच नाही असं जग देवाच्या हाती उपलब्धच नव्हतं.

‘असू शकतं’ या शब्दांवर पेन्सिलीनं रेघ मारा. प्लँटिंगा असं म्हणत नाहीत की जग खरंच तसं आहे. ते फक्त म्हणतात की तसं असणं शक्य आहे. आणि मॅकींचा आरोपच ‘अशक्य आहे’ असा असल्यामुळे एक शक्यता दाखवली की तो मोडतो. नैसर्गिक अशुभाबद्दल तर प्लँटिंगा म्हणतात की भूकंप, रोग हे माणसाहून वेगळ्या स्वतंत्र शक्तींचं, सैतानासारख्यांचं काम असणं शक्य आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. हसू नका, त्या आरोपासमोर एवढं पुरतं. मॅकींनी स्वतःही १९८२ च्या पुस्तकात मान्य केलं की या समस्येमुळे देववादाची मूळ मतं परस्परविसंगत ठरत नाहीत. ज्यांच्या मते स्वातंत्र्य आणि आधीच ठरलेलं असणं एकत्र नांदू शकतं, त्यांना हा बचाव अजूनही पटत नाही. पण तार्किक आरोपाचा जोर ओसरला हे बहुतेक जण मानतात.

आता तेच सैतानाचं उत्तर रो यांच्यासमोर ठेवून बघा. रो विचारतील, “शक्य आहे, मान्य. पण असं असण्याची शक्यता किती?” उत्तर तिथं विरघळतं. निबंधातली सगळ्यात मोठी चूक हीच: आरोप रो यांचा लिहायचा आणि उत्तर प्लँटिंगांचं द्यायचं. ती पकडायची साधी युक्ती आहे. लिहून झालं की प्रत्येक उत्तराच्या समासात ‘शक्य’ किंवा ‘संभाव्य’ यातला एक शब्द लिहा. आरोप पुराव्याचा असेल आणि समासात ‘शक्य’च दिसत असेल, तर तो परिच्छेद पुन्हा लिहायचा.

माझा सल्ला विचाराल तर तार्किक आरोप एका परिच्छेदात संपवा आणि निबंध पुराव्याच्या आरोपावर उभा करा. वाद आज तिथं जिवंत आहे.

पायरी ३: उदाहरण निवडा आणि त्यातून माणूस काढून टाका

रो यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दूर जंगलात वीज पडून वाळलेलं झाड पेटतं, वणवा लागतो, हरणाचं पाडस त्यात सापडून होरपळतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. ते कुणीही बघत नाही.

त्या मुलाला हे सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात तो कणकुंबीच्या जंगलातला वणवा लिहून घेऊन आला. वासराच्या जागी पाडस आलं, पण पुन्हा तोच घोळ. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसानं लावलेले असतात, कधी गवतासाठी, कधी विडीच्या थोटकानं. रो यांनी वीज मुद्दाम घातली आहे, सजावट म्हणून नाही. उदाहरणातली एकेक गोष्ट एकेक पळवाट बंद करते. वीज आहे म्हणून माणसाचा दोष नाही. पाडस आहे म्हणून पापाची शिक्षा म्हणता येत नाही. कुणी पाहत नाही म्हणून ‘त्यातून इतरांना धडा मिळाला’ असं म्हणता येत नाही. कित्येक दिवस लागतात म्हणून ‘वेदना ही धोक्याची घंटा असते’ हेही पुरत नाही. घंटा वाजून कधीच झाली, पळायला वाट नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून आपल्या मातीतलं एक उदाहरण बनवलं. ते कल्पित आहे आणि निबंधातही कल्पित म्हणूनच लिहावं. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूचं दाट रान. आषाढातला पाऊस, वारा सुटलेला. आतून पोखरलेलं एक जुनं ऐनाचं झाड कोसळतं. भेकराच्या पाडसाचे मागचे दोन्ही पाय फांदीखाली चिरडतात. आई काही वेळ घुटमळते आणि निघून जाते. तीन दिवस ते तिथं पडून असतं. बिबट्या लवकर आला असता तर सुटलं म्हणायचं, पण तोही येत नाही. चौथ्या दिवशी ते मरतं. तिथं कुणी जात नाही, कुणाला कधी कळत नाही.

दावं नाही, गोठा नाही, थोटूक नाही. आता रो यांचा युक्तिवाद त्यावर बसवा. तो तीनच पावलांचा आहे. एक: असं काही तीव्र दुःख जगात आहे जे सर्वशक्तिमान, सर्वज्ञ देवाला रोखता आलं असतं, आणि ते रोखल्यामुळे काही मोठं भलं गमावलं गेलं नसतं किंवा तितकंच वाईट दुसरं काही ओढवलं नसतं. दोन: पूर्णपणे चांगला असलेला देव असं दुःख रोखेलच. तीन: म्हणून असा देव नाही. दुसरं पाऊल बहुतेक आस्तिकही मान्य करतात. सगळी लढाई पहिल्या पावलावर आहे. तुमच्या निबंधातलं प्रत्येक उत्तर हे पहिल्या पावलावरचा हल्ला म्हणून लिहा, म्हणजे धागा सुटणार नाही.

पायरी ४: उत्तरं पाडसावर घासून बघा

सोनार सोनं कसोटीवर घासतो तसं प्रत्येक उत्तर पाडसावर घासायचं. स्वातंत्र्याचं उत्तर लगेच गळून पडतं, कारण ऐनाच्या झाडानं काही निवडलं नव्हतं.

जॉन हिक यांनी १९६६ मध्ये दिलेलं उत्तर जरा चिवट आहे. देवाला तयार, गुळगुळीत माणसं नको होती. धैर्य, करुणा, चिकाटी हे गुण माणसानं स्वतः कमवावेत अशी त्याची इच्छा होती. ज्या जगात काहीच दुखत नाही तिथं धैर्य कशाचं आणि करुणा कुणाची? दुसऱ्या शतकातल्या आयरेनियस या ख्रिस्ती विचारवंताकडून हिक यांनी हे बीज घेतलं. माणसाच्या कितीतरी दुःखांना ते लागू पडतं, आणि पुराच्या दिवसांत अनोळखी माणसांना घरात घेणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या त्यांना ते पटेलही. पण पाडस त्या तीन दिवसांत कोणता गुण कमावतं? कुणी पाहतही नाही, मग करुणा कुणात जागी होणार? हिक यांना ही अडचण ठाऊक होती. निरर्थक वाटणारं दुःख जगात असावंच लागतं, असं ते म्हणतात. प्रत्येक दुःखाचं फळ उघड दिसलं असतं तर आपण दुसऱ्याच्या मदतीला धावलोच नसतो. यात तथ्य आहे, पण त्यासाठी दुःख निरर्थक ‘वाटणं’ पुरेसं आहे, आणि जे कुणाला कधी कळलंच नाही ते कुणाला कसलंही वाटत नाही.

निसर्गनियमांचं उत्तर थोडक्यात उरकता येतं. रिचर्ड स्विनबर्न आणि इतर म्हणतात की नियम ठाम असल्याशिवाय आपल्याला काही शिकता किंवा ठरवून करता येणार नाही. भात शिजवणारा विस्तव हात भाजणारच. झाड का पडलं हे यातून कळतं. तीन दिवस का, हे कळत नाही.

आणि मग आपल्याकडचं उत्तर, कर्म. मुलं ते लिहायला कचरतात, ‘पाश्चात्त्य विषयात हे चालेल का?’ म्हणून. चालेल, पण ‘ज्याचं त्याचं नशीब’ असं नाही. ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) हा आरोप नेमक्या शब्दांत आहे: देवानं जग केलं असेल तर त्याच्यावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, हे दोष येतात. सूत्राचं उत्तर असं की येत नाहीत, कारण देव जिवांच्या कर्माच्या अपेक्षेनं सृष्टी करतो. शंकराचार्य तिथं पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पण भाताच्या बियाण्यातून भात उगवतो आणि जवाच्या बियाण्यातून जव; फरक बियाण्याचा, पावसाचा नाही. आमच्या खानापूरच्या भातशेतीत हे समजावून सांगावं लागत नाही.

कसोटीवर हे उत्तर वरच्या तिघांपेक्षा सरस ठरतं, हे प्रामाणिकपणे लिहा. पाडसाचाही पूर्वजन्म मानला की तेही कक्षेत येतं. पण किंमत मोजावी लागते. पहिल्या कर्माच्या आधी कर्म नव्हतं, मग पहिली विषमता कुठून आली, ही हरकत पुढच्याच सूत्रात आहे आणि तिचं उत्तर आहे की संसाराला सुरुवातच नाही, बीज आणि अंकुर यांच्यासारखा. टीकाकार म्हणतात, यानं प्रश्न सुटला नाही, मागे मागे ढकलला गेला. शिवाय पाडसाला कशाची शिक्षा मिळतेय हे त्याला ठाऊक नाही. ज्याला गुन्हा आठवत नाही त्याला त्या शिक्षेतून काय उमगणार? आणि देव कर्माच्या हिशेबाला बांधलेला असेल तर ‘सर्वशक्तिमान’ या शब्दाचा अर्थ पायरी १ मध्ये घेतला होता तोच राहिला का? माझ्या मते कर्माचं उत्तर मुळात थोड्या वेगळ्या देवाबद्दल आहे, ज्यानं शून्यातून सगळं निर्माण केलं नाही अशा. ते कमीपणाचं नाही, पण निबंधात सांगायला हवं.

एक खाजगी गोष्टही सांगतो. माझ्या ओळखीच्या एका घरात मूल गेलं तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी आईसमोर गेल्या जन्माचं काढलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ही तर्काची हरकत नाही, आणि निबंधात तिला तर्काची म्हणून घालूही नका. पण दुःखाचं कारण सांगणं आणि दुःख भोगणाऱ्याशी बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि हा सगळा विषय पहिल्या कामाचा आहे, हे एका वाक्यात लिहिलंत तर परीक्षकाला तुम्ही विचार केलाय हे कळतं.

पायरी ५: ‘आपल्याला दिसत नाही’ या उत्तराला जागा द्या

रो यांना मिळालेलं सर्वांत जोरकस उत्तर वेगळ्याच दिशेनं आलं. स्टीफन विक्स्ट्रा यांनी १९८४ मध्ये विचारलं: पाडसाच्या दुःखामागे काही मोठं भलं नाही हे तुम्हाला कशावरून कळलं? रो सांगतात की आपल्याला तसं काही दिसत नाही. विक्स्ट्रा म्हणतात, ‘दिसत नाही’ वरून ‘नाही’ वर उडी तेव्हाच मारता येते, जेव्हा ते असतं तर आपल्याला दिसलं असतं.

गोठ्याच्या दारात उभं राहून बघा. म्हैस दिसत नाही, तर म्हैस गोठ्यात नाही. असती तर दिसली असती. आता दारातूनच विचारा, गोठ्यात गोचीड आहे का? गोचीड दिसत नाही. पण म्हणून नाही असं म्हणाल? दारातून गोचीड असली तरी दिसणार नव्हती. विक्स्ट्रा म्हणतात, देवाची कारणं आपल्यासाठी म्हशीसारखी नाहीत, गोचिडीसारखी आहेत. ते बाळाचा दाखला देतात: महिन्याभराच्या तान्ह्याला आईबापांची कारणं जितकी कळतील तितकीच आपल्याला देवाची. लस टोचताना दंडाला कळ येते, कारण कळत नाही.

या उत्तराची गंमत अशी की ते पाडसाचं दुःख समजावून सांगतच नाही. हिक किंवा कर्म यांनी कारण दिलं. विक्स्ट्रा कारण देत नाहीत; ते कारण आपल्याला दिसेलच असं का धरता, एवढंच विचारतात. म्हणून पाडसाच्या कसोटीवर ते घासताच येत नाही. त्याला वेगळी कसोटी लागते, आणि तिथं दोन हरकती उभ्या राहतात.

पहिली रो यांनी स्वतः पुढे मांडली. आईबाप बाळाला कारण समजावू शकत नाहीत, खरं. पण टोचताना ते बाळाला कडेवर घेतात, जवळ असतात, आम्ही इथं आहोत हे जाणवू देतात. मूल जितकं दुःखात आणि जितकं न कळणारं, तितके ते जास्त जवळ येतात. देव आईबापांसारखा असेल तर कारण लपलेलं राहू दे, पण जवळीक का लपते?

दुसरी हरकत मला जास्त जड वाटते. समजा, प्रत्येक दुःखामागे आपल्याला न दिसणारं भलं असू शकतं हे मानलं. तुम्ही वाटेनं जाताना पाडस फांदीखाली अडकलेलं दिसलं. फांदी उचलायची का? वाचवलंत तर ते न दिसणारं भलं बुडेल की काय, हे तुम्हाला कसं कळणार? रो यांना गप्प करायला जी शंका वापरली, ती आपल्या हातालाच बांधून टाकते. विक्स्ट्रांच्या बाजूचे लोक यावर म्हणतात की आपलं कर्तव्य आपल्याला जेवढं दिसतं त्यावरून ठरतं, देवाचं त्याला दिसतं त्यावरून. कंपाउंडरला डॉक्टरचं औषध का दिलं ते कळत नसेल, तरी त्याचं स्वतःचं काम काय ते कळतं. हे उत्तर पुरतं का, यावर अजून भांडण चालू आहे. तुमचं मत लिहायची जागा हीच.

पायरी ६: लिहायला बसताना

समजा मर्यादा १५०० शब्दांची आहे. तर व्याख्यांना आणि सुरुवातीला १५०, तार्किक आरोप व त्याचं उत्तर २५०, पाडस आणि रो यांची तीन पावलं २५०, दोन उत्तरं त्यांच्या हरकतींसह ६००, आणि निकालाला २५० शब्द. उत्तरं दोनच घ्या. मी घेतली असती ती कर्म आणि विक्स्ट्रा. एक कारण देतं, दुसरं कारण मागणंच नाकारतं, त्यामुळे दोघांत आपोआप ताण तयार होतो. हिकही चालतील. चार उत्तरं घेतलीत तर प्रत्येकाला दीडशे शब्द उरतील आणि हरकतींना जागाच नाही.

निकाल लिहिताना रो यांनीच दाखवलेली एक वाट विसरू नका. आस्तिक माणूस तीन पावलं उलटी चालू शकतो: देव आहे असं मानायला माझ्याकडे स्वतंत्र कारणं आहेत, असा देव निरर्थक दुःख रोखतोच, म्हणून पाडसाचं दुःख निरर्थक नसणार. पावलं तीच, दिशा उलटी. मग वजन ‘स्वतंत्र कारणं’ किती भक्कम यावर पडतं. एवढं ओळखून निकाल कोणताही दिलात तरी चालतो. ‘हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे’ या वाक्यावर मात्र मी लाल रेघ मारतो. तीन पानं युक्तिवाद करून शेवटी युक्तिवादाची गरजच नव्हती असं सांगितल्यासारखं होतं ते.

त्या मुलाचा निकालाचा परिच्छेद तिसऱ्या खेपेला असा आला:

‘पाडसाच्या दुःखामागे कारण नाही हे रो सिद्ध करू शकत नाहीत, कारण आम्ही दारातून गोठा बघत आहोत. पण कारण असेलच असंही विक्स्ट्रा सिद्ध करत नाहीत. मला फांदी उचलावीशी वाटते, आणि ती उचलणं बरोबर आहे याची मला खात्री आहे. देवाला ती उचलावीशी का वाटली नाही, याचं उत्तर मिळेपर्यंत त्याच्या पूर्ण चांगुलपणाबद्दल माझी शंका वाजवी आहे. देव नाही असं यातून ठरत नाही.’

मी त्यात एकच दुरुस्ती सुचवली. ‘उचलावीशी वाटली नाही’ हे विक्स्ट्रा मान्य करणार नाहीत. तिथं ‘देवानं ती उचलली नाही’ एवढंच लिही म्हटलं. त्यानं खोडलं, वर बारीक अक्षरात लिहिलं आणि पाचची खानापूर बस गाठायला पळाला.